साडेबारा की साडेतेरा

ती पुण्यात आणि तो कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, अशी जोडी घराघरात सापडते. अशा दोघांना अंतर विचारलं तर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, तासांत सांगतात. तेही एक आकडा नसतो. उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात साडेतेरा.

कारण आपलं घड्याळ बारा महिने एकाच जागी बसलेलं असतं आणि तिकडचं वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता कॅलिफोर्नियातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे येतात. तोंडी हिशोबाला एक सोपी युक्ती आहे. तिकडच्या वेळेतली सकाळ-संध्याकाळ उलटी करायची आणि उन्हाळ्यात त्यात अर्धा तास मिळवायचा, हिवाळ्यात दीड. त्याचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात तिचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. (लंडनवाल्यांचा फरक साडेचार नाहीतर साडेपाच तासांचा. त्यांनी या विषयावर फारसं रडू नये.)

दोघंही नोकरी करणारे असतील तर आठवड्याच्या दिवसांत बोलायला दोनच फटी उरतात. एक पुण्यातली सकाळ, साडेसात ते नऊ. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात ते साडेआठ असतात आणि तो जेवणाच्या तयारीत असतो. नोव्हेंबर उजाडला की हीच फट त्याच्या सहा ते साडेसातवर येते, म्हणजे नेमकी ऑफिसातून निघून ट्रॅफिकमध्ये अडकण्याची वेळ. दुसरी फट पुण्यातली रात्र, नऊ ते साडेदहा. तेव्हा त्याची सकाळ असते, उन्हाळ्यात साडेआठ ते दहा आणि हिवाळ्यात साडेसात ते नऊ.

म्हणून फोनची वेळ ठरवताना 'आठला बोलू' एवढं पुरत नाही. ती वेळ कुणाच्या घड्याळाला बांधली आहे ते ठरवावं लागतं. तिच्या सकाळच्या आठला बांधली तर सरकण्याचा त्रास त्याला, त्याच्या संध्याकाळच्या सातला बांधली तर तिला. बरेचजण हे ठरवतच नाहीत. मग मार्चच्या त्या रविवारनंतर दोन दिवस एकजण फोनकडे बघत बसतो आणि दुसऱ्याला वाटतं की आपण वेळेवर आहोत. उपाय कोरडा पण खात्रीचा आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये रोजची नोंद करायची, तिचं आमंत्रण दुसऱ्याला पाठवायचं आणि नोंदीला टाइम झोन एकाचाच द्यायचा, `Asia/Kolkata` किंवा `America/Los_Angeles`. दुसऱ्याच्या कॅलेंडरमध्ये ती आपोआप सरकते. 'उद्या' हा शब्दही जपून वापरावा. पुण्यात बुधवार सकाळ असते तेव्हा तिकडे मंगळवारच चालू असतो, त्यामुळे त्याचा 'उद्या' म्हणजे तिचा 'आज' असू शकतो. 'तुझ्या शनिवारी सकाळी' असं म्हटलं की घोटाळा होत नाही.

पण वेळ जुळली म्हणजे सूर जुळला असं नाही. पुण्यातल्या सकाळी तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. रात्र झोपेत गेलेली, दूध आलं, पाणी आलं, एवढ्याच बातम्या. त्याचा मात्र अख्खा दिवस पोटात साठलेला. मॅनेजर काय म्हणाला, दुपारी काय खाल्लं, घरमालकाची मेल आली. तो बोलतो, ती 'हं, मग?' करते. रात्रीच्या फटीत हेच उलटं. ती भरलेली आणि तो हातात कॉफी घेऊन अर्धवट जागा. एखादी जोडी सोयीची म्हणून वर्षभर एकच फट धरून बसली की त्यातला एक कायमचा सांगणारा होतो आणि दुसरा कायमचा ऐकणारा. मग 'तू कधी माझं ऐकतच नाहीस' ही तक्रार येते. यात स्वभावाचा दोष फार कमी असतो, दोष वेळापत्रकाचा असतो. आठवड्यात तीन दिवस सकाळ आणि दोन दिवस रात्र अशी वाटणी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

भांडणाचंही तसंच. रात्री सव्वादहाला तिनं नाजूक विषय काढला की पंधरा मिनिटांत त्याची मीटिंग सुरू होते. तो 'नंतर बोलू गं' म्हणून कामाला लागतो आणि ती रात्रभर कुशी बदलत राहते. जड विषय शनिवार-रविवारसाठी राखावेत. तेव्हा जागा मुबलक असते. तिची शनिवार सकाळ म्हणजे त्याची शुक्रवार संध्याकाळ, तिची रविवार सकाळ म्हणजे त्याची शनिवार संध्याकाळ, आणि तिच्या शनिवारच्या रात्री त्याचीही शनिवारचीच निवांत सकाळ. त्याची रविवार संध्याकाळ मात्र धरू नये, कारण तिची सोमवारची धावपळ तेव्हा सुरू झालेली असते.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा राग माणसावर निघतो आणि दोष तारेचा असतो. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. भारत ते कॅलिफोर्निया आवाज समुद्राखालच्या केबलमधून जाऊन परत यायलाच साधारण पाव सेकंद लागतो. त्यात वायफाय, अ‍ॅपनं आवाज साठवून सोडायला घेतलेला वेळ आणि ब्लूटूथचे इअरफोन यांची भर पडली की अर्धा सेकंद सहज होतो. ती विचारते, 'डिसेंबरात येतोयस ना?' तो लगेच 'हो' म्हणतो, पण ते 'हो' उशिरा पोचतं आणि ओढूनताणून म्हटल्यासारखं वाटतं. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, 'बोल बोल', 'नाही, तू बोल' यात मिनिट जातं.

उशीर मोजायचा असेल तर दोघांनी आळीपाळीनं आकडे म्हणावेत. ती एक, तो दोन, असं वीसपर्यंत, न थांबता. समोरासमोर बसून हे साधारण दहा सेकंदांत होतं. फोनवर पंधरा लागले तर प्रत्येक फेरीमागे अर्धा सेकंद तारेत जातोय. शब्दच तुटत असतील तर तो वेगळा आजार, तो बहुतेक कुणा एकाच्या घरच्या वायफायचा, आणि राउटरजवळ बसलं की कमी होतो. उशीर कमी करायला वायरचे इअरफोन लावावेत आणि नेट अशक्त असेल तर व्हिडिओ बंद करावा. उरलेला पाव सेकंद कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. तेव्हा 'हो' उशिरा आलं तर लगेच अर्थ काढू नये.

सणांना हे सगळं एकत्र येतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. तिकडचं घड्याळ अजून मागे जायचं होतं, म्हणून पुण्यातल्या साडेसहाच्या पूजेला तिकडे सकाळचे सहा वाजले होते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं आणि तिकडचं घड्याळ १ तारखेलाच मागे जातं, म्हणून त्याच पूजेला तिकडे पहाटेचे पाच. तेही रविवारी. उठणारा उठेलच, पण आरतीच्या वेळी चालू कॉलवर फोन देवघराला टेकवून ठेवण्यात अर्थ नसतो. कॉलचं अ‍ॅप घंटा आणि टाळ्या यांना गोंगाट समजून दाबतं आणि तिकडे आरती घशात अडकल्यासारखी ऐकू येते. त्यापेक्षा आरती फोनच्या रेकॉर्डरवर घेऊन पाठवावी, त्याला झोपू द्यावं आणि रात्री साडेआठला, फराळाची ताटं वाढल्यावर, फोन लावावा. तिकडे सात वाजलेले असतात. चकल्या यंदा तेलकट झाल्यात की नाही हे सांगायला ती वेळ चांगली असते.