उडुपीचे आठ मठ आणि दर सोळा वर्षांनी येणारा खर्च

'धर्म आणि संघटना' या अभ्यासक्रमासाठी एका मठसंस्थेचा कारभार, मालमत्ता आणि उत्तराधिकार यांचा अभ्यास करायचा होता. आम्ही शिरूर मठ निवडला, तेव्हा निम्म्या वर्गाला घोडनदीचे शिरूर आठवले. हा शिरूर मठ कर्नाटकातील उडुपीचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही चौघे कोकण रेल्वेने तेथे गेलो. ही वेळ जाणीवपूर्वक निवडलेली होती, कारण १८ जानेवारी २०२६ पासून श्रीकृष्ण मठाचा कारभार पुत्तिगे मठाकडून शिरूर मठाकडे जाणार होता आणि त्या तयारीत मठाची आर्थिक बाजू एरवीपेक्षा अधिक उघडपणे दिसते.

व्यवस्थेचे मूळ सूत्र साधे आहे. मध्वाचार्यांच्या परंपरेतील पलिमार, अदमार, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर आणि पेजावर या आठ मठांची मालमत्ता, शिष्यवर्ग आणि मठाधिपती स्वतंत्र आहेत. सामाईक आहे ते केवळ श्रीकृष्णाचे मंदिर. त्याची पूजा आणि कारभार दोन दोन वर्षे पाळीपाळीने एकेका मठाकडे जातो. या पाळीला 'पर्याय' म्हणतात. पूर्वी ही पाळी दोन महिन्यांची होती. सोदे मठाच्या वादिराजतीर्थांनी ती दोन वर्षांची केली आणि परंपरेनुसार १५२२ मध्ये पलिमार मठापासून नवे चक्र सुरू झाले. म्हणजे प्रत्येक मठाची पाळी सोळा वर्षांनी येते. पहाटेच्या सोहळ्यात मावळते स्वामी अक्षयपात्र, पळी आणि गाभाऱ्याच्या किल्ल्या नव्या स्वामींच्या हाती देतात आणि त्यांना सर्वज्ञपीठावर बसवतात. सत्तेचे चिन्ह म्हणून वाढण्याची पळी दिली जावी, ही गोष्ट आम्हाला फार सूचक वाटली, कारण या व्यवस्थेतला सर्वांत मोठा भार रोजच्या पूजेबरोबर चालणाऱ्या अन्नदानाचाच आहे.

पर्याय घेणारा मठ मंदिराचे दोन वर्षांचे उत्पन्न घेतो आणि दोन वर्षांचा सगळा खर्चही स्वतः सोसतो. तूट आली, तर कर्ज देवाच्या नावावर न पडता त्या मठाच्या नावावर पडते. म्हणूनच तयारी वर्षभर आधी सुरू होते आणि तिचे चार टप्पे मुहूर्त म्हणून साजरे होतात: बाळे मुहूर्त म्हणजे केळीची लागवड, अक्की मुहूर्त म्हणजे तांदूळ, कट्टिगे मुहूर्त म्हणजे सरपण आणि भत्त मुहूर्त म्हणजे भात. बाहेरून हे धार्मिक विधी दिसतात; हिशेबाच्या नजरेने पाहिले, तर ती दोन वर्षांच्या कोठाराची आगाऊ भरती आहे. मंदिराच्या मध्वसरोवर या तळ्याजवळ सरपणाची रथाच्या आकाराची रास उभी होती. तिचे छायाचित्र प्रत्येकजण काढतो. आपण मात्र ती राशीपेक्षा साठ्याची नोंद म्हणून पाहावी.

१९५४ चा प्रसिद्ध शिरूर मठ खटला याच खर्चातून उभा राहिला, हे वर्गात शिकताना आमच्या लक्षात आले नव्हते. मठाधिपती लक्ष्मींद्रतीर्थ १९१९ मध्ये पीठावर आले, तेव्हा ते अल्पवयीन होते. १९२६ च्या सुमारास त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा मठ कर्जात होता. पुढच्या काही वर्षांत त्यांनी त्यातले बरेचसे फेडले. मग पहिला पर्याय आला आणि पुन्हा कर्ज झाले. ते सावरत असतानाच १९४६ चा दुसरा पर्याय आला. युद्धानंतरची टंचाई आणि महागाई यांमुळे कर्ज जवळजवळ एक लाखावर गेले. तेव्हा दक्षिण कन्नड मद्रास प्रांतात होता. तेथील धर्मादाय मंडळाने सक्षम व्यवस्थापक नेमण्यास सांगितले. पुढे नेमलेला मुखत्यार आणि स्वामी यांच्यात हिशेबांवरून बिनसले, मंडळाने मठासाठी योजना आखण्याची कारवाई सुरू केली आणि वाद न्यायालयात गेला.

सर्वोच्च न्यायालयाने मठाधिपतीचे स्थान नेमके मांडले. तो नुसता विश्वस्त नाही आणि नुसता मालकही नाही. त्याच्या पदात कर्तव्य आणि मालमत्तेतील वैयक्तिक हितसंबंध एकमेकांत मिसळलेले आहेत. ऐहिक कारभाराचे नियमन कायद्याने करता येते, परंतु सबळ कारणाशिवाय केव्हाही व्यवस्थापक नेमायला लावून मठाधिपतीला नोकराच्या पातळीवर आणता येत नाही, म्हणून १९५१ च्या मद्रास कायद्यातील तशी कलमे रद्द झाली. उत्पन्नावर पाच टक्क्यांपर्यंत आकारली जाणारी वर्गणी शुल्क नसून कर ठरली. विद्यार्थी या निकालातून केवळ धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद लक्षात ठेवतात. माझ्या मते तो सोळा वर्षांच्या खर्चचक्रात सापडलेल्या संस्थेचा ताळेबंद म्हणून आधी वाचावा.

उत्पन्नाची बाजू नंतर आणखी बदलली. १९७४ च्या जमीन सुधारणांनंतर कुळांकडील जमिनी मठांच्या हातून गेल्या आणि खंडाच्या तांदळाची जागा देणग्या, सेवा आणि होरेकाणिकेने घेतली. गावोगावचे लोक तांदूळ, नारळ, भाजीपाला मिरवत आणून पर्यायमठाला देतात, ती होरेकाणिके. खंड हा हक्क होता, होरेकाणिके मात्र सदिच्छेवर चालते. त्यामुळे आजच्या मठाधिपतीला भक्तवर्ग राखण्याची कला जमिनीच्या दप्तराइतकीच सांभाळावी लागते.

उत्तराधिकारासाठी आठ मठांच्या चार जोड्या आहेत आणि शिरूरचा जोडीदार, म्हणजे द्वंद्व मठ, सोदे आहे. एक मठाधिपती शिष्य न नेमता निवर्तला, तर जोडीचा मठ कारभार पाहतो आणि उत्तराधिकारी नेमतो. जुलै २०१८ मध्ये लक्ष्मीवरतीर्थांच्या निधनानंतर हेच घडले. सोदे मठाच्या स्वामींनी कारभार पाहिला आणि २०२१ मध्ये सोळा वर्षांच्या वेदवर्धनतीर्थांना पीठावर बसवले. अल्पवयीन मुलाला संन्यास देण्यावर आक्षेप घेणारी याचिका झाली. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने, त्याला कायद्याची आडकाठी नाही, असे सांगून ती फेटाळली. बालसंन्यासाचा संस्थात्मक परिणाम मात्र वेगळाच आहे. पेजावरचे विश्वेशतीर्थ १९३८ मध्ये सातव्या वर्षी संन्यासी झाले आणि त्यांनी पाच पर्याय पार पाडले. कारकीर्द इतकी लांब असल्याने पीठ क्वचितच रिकामे होते आणि वारसाचे वाद कमी उद्भवतात. त्याची किंमत अशी की सुरुवातीची काही वर्षे प्रत्यक्ष कारभार दुसऱ्याच्या हाती राहतो, जसा १९१९ नंतर राहिला होता.

या रचनेत आठांच्या वर कोणी नाही, ही तिची मर्यादा आहे. २००८ मध्ये पुत्तिगे मठाच्या स्वामींनी परदेशगमन केल्यामुळे त्यांनी मूर्तीला स्पर्श करावा का, यावर इतर मठाधिपतींनी हरकत घेतली. निवाडा करणारे पीठ नसल्यामुळे मतभेद कायम असतानाच पर्याय पार पडला. तुलनेसाठी पलिमारपासून निघालेला गोव्यातील पर्तगाळी मठ चांगला आहे. तो कोकण रेल्वेच्याच वाटेवर असल्यामुळे परतताना काणकोणला उतरता येते.

जाणाऱ्यांनी सोहळ्याच्या आठवड्यात जाऊ नये. गर्दीत निवांतपणे बोलायला कोणालाही वेळ नसतो. मुलाखतीसाठी स्वामींपेक्षा मठाच्या दिवाणांना आधी पत्र लिहावे, कारण रोजचा कारभार तेच पाहतात. पर्यायाबाहेरचे स्वामी संचारावर असतात, चातुर्मासात मात्र एका जागी सापडतात. पर्यायस्वामी परंपरेने उडुपी सोडत नाहीत. आकडे पहिल्या भेटीत मागू नयेत, तसे विचारताच आमच्याशी चाललेले बोलणे लगेच आटोपले. कोठार कोठे आहे, तांदूळ कोण मोजतो, किल्ली कोणाकडे असते, असे विचारल्यावर बरेच कळले. पुरुषांना दर्शनाला सदरा काढावा लागतो, तेव्हा वही बाहेर ठेवायला पिशवी असू द्यावी. आठही मठ रथबीदी या मंदिराच्या रथमार्गाभोवती असल्याने एका सकाळी सगळे पायी पाहून होतात. त्यानंतरची दुपार १९५४ च्या निकालातील सुरुवातीची वस्तुस्थिती सांगणारी पाने तेथेच बसून वाचण्यासाठी ठेवावी.