आमची वाटचाल: दहा फुटी बोर्ड आणि खोटी एसव्हीजी

मी आणि माझा भागीदार, दोघांत एक संगणक, अशी आमची सुरुवात. पहिल्या गिऱ्हाईक बाईंनी लोगो दिला तो जेपेगमध्ये, 600 पिक्सेल रुंद. लेटरहेडवर तो दोन इंचांत बसायचा, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल. छपाई देखणी आली. पुढची काही वर्षं अशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग बाईंना दहा फुटी बोर्ड हवा झाला. मी बाहेर होतो, भागीदाराने तीच फाइल ताणली. दहा फूट म्हणजे 120 इंच, इंचाला उरले पाच पिक्सेल. एकेक पिक्सेल पाच मिलिमीटरचा! जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, त्याचा मळ अक्षरांच्या कडेला साचतो. लेटरहेडवर तो दिसत नव्हता. बोर्डावर चार-चार सेंटिमीटरचे करडे चौकोन झाले. भागीदाराने रातोरात जेपेगची पीएनजी करून पुन्हा छापलं. पीएनजी काहीच गमावत नाही, त्यामुळे मळही जसाच्या तसा राहिला.

दोन्ही बोर्ड आमच्या खिशातून गेले. धंदा बंद करायची वेळ आली, भागीदार सोडून गेला आणि बाईंना एका स्पर्धकाने पळवलं. म्हणे, आम्ही एसव्हीजी देतो, पिक्सेलऐवजी आकारांची, कितीही ताणली तरी न फुटणारी फाइल.

सहा महिन्यांनी बाई परत आल्या. नवा बोर्डही तसाच फुटलेला. मी त्यांची एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडली. खऱ्या फाइलीत आकारांच्या `<path` ओळी दिसतात. इथे होतं हे:

```
<image href="data:image/jpeg;base64,/9j/4AAQ
```

आमचंच जेपेग, एसव्हीजीच्या पिशवीत घातलेलं! कुणाकडून एसव्हीजी घेतलीत तर आधी खूप मोठी करून बघा. कडा फुटल्या तर आत फोटो आहे.

ऑटो-ट्रेस, म्हणजे संगणकाकडून आपोआप गिरवून घेणं, मी केलं नाही, ते मळाच्याही कडा गिरवतं. पेन टूल घेऊन, रेषेवर कमीत कमी नोड म्हणजे बिंदू ठेवून लोगो एसव्हीजीत नव्याने काढला. अक्षरांची आउटलाइन केली, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट बदलतो. त्या एका फाइलीतून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढली आणि छापखान्यासाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांतली, पीडीएफ. पीएनजी आणि वेबपी, दोन्हींत सीएमवायके नसतं.

फोटोंचं वेगळं. तिथे जेपेगच बरं, पण कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपा. दर दुरुस्तीनंतर त्याच जेपेगवर सेव्ह केलं की थोडं थोडं झिजतं. वेबपी संकेतस्थळापुरती; मूळ फोटो टाकून तीच छपाईला पाठवणारे अजून भेटतात.

बाई आजही आमच्याकडेच आहेत. माझी ती एसव्हीजी नंतर त्या स्पर्धकानेही त्यांच्याकडून मागून घेतली. मला एक फोनसुद्धा केला नाही.