आयत्या वेळचे विषय

ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून कडक वाळवली की ती महिनोन् महिने टिकते. सोलापूरकर ती पिशवीत घालून पुण्या-मुंबईच्या लेकरांना पाठवतात आणि तिथे ती शेंगाचटणी-दह्याबरोबर कडाकडा मोडून खाल्ली जाते. नवरा-बायकोच्या तक्रारींचं अगदी असंच होतं. ताजी असते तेव्हा मऊ असते, एका घासात संपते. ठेवून दिली की वाळते, मग वर्षानुवर्षं टिकते, आणि शेवटी कुणाच्या तरी लग्नात, चार पाहुण्यांच्या देखत मोडते. मोडताना आवाजही होतो.

आमच्याकडे यावर उपाय आणला तो नणंदेच्या मुलीनं. ती समुपदेशन शिकते आणि सुट्टीत मामाच्या घरी आली की मामा-मामीवर अभ्यास करते. तिनं सांगितलं की अमेरिकेत जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात एक छोटं घरच थाटलं होतं. जोडप्यांनी दिवसभर तिथे राहायचं, नेहमीसारखं वागायचं, आणि भिंतीवरचे कॅमेरे सगळं टिपत राहणार. वादाच्या विषयावर बोलायला बसवलं की त्यांचे हृदयाचे ठोकेसुद्धा मोजले जायचे. या सगळ्यातून पुढे ज्या सवयी सुचवल्या गेल्या, त्यातली एक म्हणजे आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, दोघांनीच बसायचं. आधी एकमेकांचं काय आवडलं ते सांगायचं, मग एकच तक्रार घ्यायची, आणि शेवटी पुढच्या आठवड्याचं विचारायचं. तिकडे या बैठकीला ‘स्टेट ऑफ द युनियन’ म्हणतात. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाचं नाव नवरा-बायकोच्या गप्पांना! आमचे हे पतसंस्थेत सचिव. त्यांनी ताबडतोब त्याची ‘साप्ताहिक सभा’ केली. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ हवेत, असाही आग्रह धरला. तो मी फेटाळला. आयत्या वेळचे विषयच तर नको होते.

वार ठरवणं हेच पहिलं काम. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाण्याचा वार दर आठवड्याला सरकतो. पाण्याच्या रात्री नवरा-बायकोनं कुठल्याही विषयावर बोलू नये, हे कुठल्या संशोधनात नसलं तरी खरं आहे. शेवटी रविवार संध्याकाळ ठरली. आई देवळात गेल्या की गच्चीवर बसायचं, फोन खाली ठेवून. पाण्याची वर्दी आली तर सभा सोमवारवर जाते, रद्द होत नाही.

मला वाटलं होतं अवघड भाग तक्रारीचा असेल. निघाला कौतुकाचा. भाचीच्या नियमाप्रमाणे प्रत्येकानं पाच गोष्टी सांगायच्या, आणि त्या त्याच आठवड्यातल्या हव्यात. “तू फार चांगली आहेस” हे मोजत नाहीत. आमच्या पिढीला घरातल्या माणसाला आभार म्हणायचे म्हणजे पाहुण्याला म्हटल्यासारखं वाटतं. ह्यांनी बराच वेळ टाकीकडे बघून सांगितलं, “भाजी बरी झाली होती.” कुठली, कधी, हे सांगता येईना. मग थोडं थांबून म्हणाले, “आईच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधीच तू आणून ठेवल्यास. माझ्या लक्षातही नव्हतं.” हे मोजलं. कारण त्यात त्यांनी पाहिलं होतं, आणि पाहिलंय हे मला कळलं होतं. पाच भरायला अजून चार हवे होते, ते त्या दिवशी भरले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात ते आपोआप बघू लागले, कारण रविवारी सांगायला काहीतरी लागणार होतं. कौतुकाचं खरं काम बहुधा हेच असावं. रविवारच्या गोड बोलण्यापेक्षा सोमवार ते शनिवार नजर कुठे जाते, ते त्यानं बदलतं. एक मात्र कटाक्षानं पाळावं: कौतुकाला “पण” जोडायचा नाही. “गोळ्या आणल्यास, पण बिल ठेवलं नाहीस” यातलं कौतुक कुणाच्याच कानात शिरत नाही.

मग तक्रार. गॉटमन तक्रार आणि टीका या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. तक्रार घडलेल्या गोष्टीबद्दल असते, टीका माणसाबद्दल. आणि माझा अनुभव असा की तक्रार शिळी झाली की तिची टीका होते. मंगळवारी काय झालं हे बुधवारी आठवतं. सहा महिन्यांनी मंगळवार विसरला जातो आणि फक्त “तुम्ही असेच” एवढं उरतं. म्हणून आमचा नियम: सभेत फक्त या आठवड्याचाच माल चालेल.

गॉटमन यांच्याच एका अभ्यासात, जो 1999 साली प्रसिद्ध झाला, नुकतीच लग्नं झालेली 124 जोडपी होती. वादाच्या बोलण्याची पहिली तीन मिनिटं कशी गेली आणि पुढच्या सहा वर्षांत कुणाचं लग्न मोडलं, याचा मेळ त्यात लागला. आकड्यांचं अमेरिकेनं बघावं; पण सुरुवात कडवट झाली की शेवट गोड होत नाही, हे सांगायला आमच्या शेजारणीलाही कॅमेरे लागले नसते.

आमची पाण्याची तक्रार कशी गेली ते सांगते. त्या आठवड्यात रात्री दोनला पाणी आलं. मी उठले, मोटार लावली, हौद, टाकी, पिंप, घागरी भरल्या, चारला झोपले आणि सकाळी शाळेत मुलांना भागाकार शिकवताना पेंगले. जिभेवर आलं होतं ते असं: “तुम्हाला घरातलं कधी काही पडलेलंच नसतं.” यात ‘कधी’ आहे, ‘काही’ आहे आणि ‘तुम्ही’ आहात, पाणी कुठेच नाही. त्याऐवजी भाचीनं दिलेला साचा वापरला. आधी काय घडलं, मग मला काय वाटलं, मग मला काय हवंय. “मंगळवारी रात्री पाणी आलं तेव्हा मी एकटीच उठले. सगळं माझ्यावरच पडल्यासारखं वाटलं. पुढच्या पाण्याला तुम्ही उठाल का?”

आता त्यांनी लगेच उत्तर द्यायचं नव्हतं. ही अट मूळची अनातोल रापोपोर्ट यांची. गणितज्ञ माणूस, भांडणं मिटवण्याचाही अभ्यास केलेला. समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं आपल्या तोंडून सांगता येईपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. ह्यांनी सांगून पाहिलं: “म्हणजे मी झोपलो होतो, याचा तुला राग आला.”

मी म्हटलं, “नाही.” आणि ‘नाही’ म्हटल्यावर मलाच पडताळून बघावं लागलं की मग कशाचा. झोपेचा राग नव्हताच. सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं होतं, “काय, पाणी आलं होतं काय की रात्री?” तो प्रश्न लागला होता. हंडे भरले त्यापेक्षा, ते कुणी भरले हे कुणाला माहीतच नव्हतं, ते जास्त. हे मी सांगितलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं: “तू जागलीस आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, हे लागलं.” हो. हेच. साध्या भांडणात इथपर्यंत आम्ही पोचलोच नसतो. झोपेवरच अडकलो असतो, आणि झोपेवर कुणाशीही भांडून जिंकता येत नाही.

मग त्यांची पाळी. ते म्हणाले, “मला मोटार ऐकू येत नाही. आणि मागे एकदा मी भरायला उठलो तर टाकी वाहून गेली, तेव्हा तूच म्हणालीस, राहू द्या, मीच भरते.” हे ‘मागे एकदा’ नियमात बसत नव्हतं, पण खरं होतं, म्हणून मी हरकत घेतली नाही. ठरलं ते इतकंच: चावीवाल्यानं वर्दी दिली की एका पाण्याला त्यांच्या उशाशी गजर, पुढच्याला माझ्या. आणि त्यांनी भरलं तर टाकी वाहिली तरी मी गच्चीवर जायचं नाही. हा दुसरा भाग पाळणं मला पहिल्यापेक्षा कठीण जातं.

दर वेळी इतकं सरळ जात नाही. आवाज चढला, कान गरम झाले, समोरच्याचं वाक्य ऐकूच येईनासं झालं, की नाडी बहुतेक शंभरच्या पुढे गेलेली असते. त्या अवस्थेत बोलून उपयोग नसतो. निदान वीस मिनिटं थांबावं लागतं. पण “जाऊ दे” म्हणून उठून जायचं नाही. परत कधी बसायचं ते सांगून जायचं, आणि मधल्या वेळात मनातल्या मनात उत्तरं रचायची नाहीत. मी तेव्हा शेंगा सोलते. चटणी मात्र कुटत नाही. उखळात शेंगदाण्यांबरोबर उत्तरंही बारीक होतात.

आणि काही विषय सभेत येऊनही सुटत नाहीत. गॉटमन यांच्या मोजणीत जोडप्यांच्या वादांपैकी 69 टक्के असे कायमचेच निघाले; ते स्वभावातून येतात. मला पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेससाठी स्टेशनवर तासभर आधी बसलेलं आवडतं, ह्यांना गाडी हलताना डब्यात चढायला. हा विषय ओळीनं तीन रविवार आला तेव्हा कळलं की हा त्यातलाच. आता मी वेगळ्या रिक्षानं जाते आणि त्यांची जागा धरून ठेवते. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर एक तर मागणी नीट केलेली नाही, नाही तर ती या कायमच्या खात्यातली आहे, एवढं तपासावं. गॅस चालू राहिला यासारखी गोष्ट मात्र रविवारपर्यंत राखून ठेवायची नसते, ती तिथेच सांगायची. आणि ज्या घरात बोलायचीच भीती वाटते, तिथे ही सभा कामाची नाही. तिथे समुपदेशक किंवा 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर.

सभेचा शेवटचा विषय एक प्रश्न असतो, दोघांनी एकमेकांना विचारायचा: पुढच्या आठवड्यात मी काय केलं तर तुला बरं वाटेल? पाण्याच्या त्या रविवारी मी मनातल्या मनात मोठ्या मागणीची तयारी ठेवली होती. ह्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, “संध्याकाळी मी घरी आलो की चप्पल काढेपर्यंत कामं सांगू नकोस. चप्पल काढल्यावर सांग की, सगळी सांग.”

“दोन्ही चपला?” मी विचारलं.

“दोन्ही,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात खालून आईंची हाक आली की त्या देवळातून आल्यात आणि दार आतून लावलंय.