एकच वजन, दोन ओळी

पोळ्याला तीन दिवस होते. पुरणाची डाळ, गूळ, तेल, साबण असा महिन्याचा किराणा आणायला आम्ही दोघं यवतमाळला गेलो होतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मोठ्या दुकानात भाव बरे पडतात म्हणून महिन्यातून एकदा एसटीने जातो. वयामुळे मला अर्धं तिकीट लागतं, हिलाही अर्धंच, त्यामुळे जाणं परवडतं.

घरी आल्यावर चहा झाला आणि मी बिल घेऊन बसलो. पंचायत समितीत ३१ वर्षं लिपिक होतो, त्यातली बरीचशी लेखा शाखेत गेली. कागदावर आकडे दिसले की हातात पेन येतं. बिल होतं १,९४३ रुपयांचं, २३ ओळींचं. सगळ्या रकमांची मी बेरीज केली आणि ती पैशापर्यंत जुळली.

तिथेच थांबलो असतो तर चूक कधीच कळली नसती. मशीनची बेरीज चुकत नाही. चूक होते ती नोंद करताना. ऑफिसातही आम्हाला हेच सांभाळावं लागायचं. कॅशबुकाची बेरीज बरोबर असते, तरी त्यात एखादं देयक दुबार निघालेलं असू शकतं. ते सापडतं फक्त एकेक नोंद तिच्या व्हाऊचरशी लावून पाहिली तरच. इथे माझं व्हाऊचर म्हणजे थैलीतला माल.

म्हणून सतरंजी अंथरली आणि सगळा माल डाव्या हाताला मांडला. बिलाची एक ओळ वाचायची, ती वस्तू उचलून उजवीकडे ठेवायची, मग त्या ओळीवर टिक मारायची. वस्तू खरोखर उचलून हलवायला हवी. नुसत्या नजरेने पाहिलं तर एकच पुडा दोन ओळींना चालून जातो. साबणाच्या ओळीवर ४ नग होते, तर चार वड्या मोजून हलवल्या. बिलाच्या खाली एकूण नगांचा आकडा छापलेला असतो, पण त्यावर विसंबता येत नाही. आमच्या बिलात सुट्या मालाचे किलो आणि पुड्यांचे नग एकत्रच मिळवले होते.

हिने विचारलं, “अवो, दुकानात पाहूनच घेतलं नं सगळं, आता काय मोजून राहिले?”

सातव्या ओळीवर चण्याची डाळ होती, १.२६४ किलो. ९२ रुपये किलोप्रमाणे ११६ रुपये २९ पैसे. डाळीची थैली उचलून उजवीकडे ठेवली. मग तेल, गूळ, चहापत्ती, असं करत एकोणिसाव्या ओळीवर आलो. तिथे पुन्हा चण्याची डाळ, आणि डावीकडे डाळ नव्हती.

“डाळ त एकच थैली घेतली मी,” ही म्हणाली. “सव्वा किलो सांगितली होती त्या पोराले.”

पहिल्यांदा मला स्वतःचीच शंका आली. एखादी थैली बसमध्ये राहिली असेल, किंवा दुकानातच विसरली असेल. दुकानदारही हेच म्हणणार, आणि माझ्याकडे उत्तर काय? मग दोन्ही ओळी शेजारी धरून वाचल्या. सातव्या ओळीवर १.२६४ आणि एकोणिसाव्या ओळीवरही १.२६४, अगदी ग्रॅमपर्यंत तेच वजन.

सुटी डाळ पोरगा हाताने भरतो आणि काट्यावर ठेवतो. सव्वा किलो मागितली तर कधी थोडी कमी येते, कधी थोडी जास्त. मग जेवढं वजन भरलं तेवढ्याचं स्टिकर निघतं आणि थैलीला लागतं. हाताने भरलेल्या दोन थैल्या ग्रॅमपर्यंत सारख्या निघणं जवळजवळ अशक्यच. म्हणजे एकच स्टिकर दोनदा मोजलं गेलं होतं, आणि त्याचा पुरावा बिलातच छापलेला होता. हेच साबणाच्या बाबतीत घडलं असतं तर मला काही सिद्ध करता आलं नसतं, कारण बंद पुड्यावर वजन आणि किंमत दर वेळी सारखीच असते. तो माल गल्ला सोडण्याआधीच मोजून घ्यावा लागतो.

हिला सांगितलं, थैली फोडू नको. स्टिकर थैलीवर असलं पाहिजे आणि गाठ तशीच राहिली पाहिजे. पोळा तोंडावर, डाळ भिजवायची होती, तरी तिने ती तशीच ठेवली. बिलाचा कागद उष्णतेने छापण्याचा असतो, ऊन लागलं की पुसट होतो, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. बिलावरच्या नंबरवर फोन केला, बिल क्रमांक दिला आणि उद्या येतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर भेटला, तिशीच्या आतला. बिल पाहून म्हणाला, “काकाजी, कॉम्प्युटर नाही चुकत जी. दोन थैल्या नेल्या असतील तुम्ही.”

मी त्याला दोन्ही वजनं दाखवली. त्याच्या चटकन लक्षात आलं नाही. मी म्हटलं, “बाबू, एक काम कर. त्या पोराले सव्वा सव्वा किलोच्या दोन थैल्या भरायला सांग.” त्याने सांगितलं. पहिली भरली १.२३८, दुसरी १.२७१. तिसरी त्याने स्वतः भरून पाहिली, ती १.२५६. मग माझी थैली काट्यावर ठेवली. तो काही बोलला नाही. काल गल्ल्यावर कोण होतं ते पाहून त्याने त्या मुलीला बोलावलं.

तिला आठवलं. “स्टिकर गाठीपाशी चुरगळलं होतं जी. मशीननं आवाज दिला नाही असं वाटलं मले, म्हणून थैली बाजूला ठेवली अन् मागून नंबर हातानं टाकला.” मशीनने पहिल्यांदाच वाचलं होतं, गर्दीत आवाज तिला ऐकू गेला नाही. दोन ओळींमध्ये अकरा वस्तूंचं अंतर का पडलं, तेही त्यातून कळलं. दोन्ही नोंदी लागोपाठ असत्या तर तिच्याच नजरेला आल्या असत्या.

तिचा चेहरा उतरला होता. मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं की ही रक्कम तिच्या पगारातून कापायची नाही. तिने पैसे खाल्ले नाहीत. आमच्याकडे पैसे दिलेल्या व्हाऊचरवर लगेच शिक्का मारत असू, तेच व्हाऊचर पुन्हा कोणी पुढे करू नये म्हणून. इथे मोजून झालेल्या थैलीवर तशी कसलीच खूण नसते, मग माणूस दुसऱ्यांदा मोजणारच. स्टिकरवर पेनाने एक रेघ ओढा, असं मी सुचवलं. सगळ्या मालाला गर्दीत जमणार नाही, तो म्हणाला, पण काट्यावरच्या मालाला करून पाहू.

परताव्याची पावती निघाली. सुट्या डाळीवर कर शून्य दाखवला होता, त्यामुळे कराचा हिशेब नव्हता. पैसे मोबाइलवरून दिले होते, त्यांनी ११६ रुपये रोख दिले आणि पावतीच्या दुकानप्रतीवर माझी सही घेतली. माझी प्रत मी मूळ बिलाला टाचली.

दुपारची एसटी चुकली. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिने आधी थैली मागितली, गाठ सोडली आणि डाळ निवडायला बसली.