राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि नवऱ्याची चिठ्ठी

"पुण्याच्या कंपनीतली नोकरी हातात होती, मग सरकारी नोकरीचा राजीनामा न देता दोन वर्षं का थांबलात? घाबरलात का?"

हे मला अजून विचारतात. हो, घाबरले होते. पण त्या भीतीचं मी काय केलं, ते कुणी ऐकून घेत नाही.

2015 साली माझी शासकीय सेवा अठरा वर्षांची होती. राजीनामा दिला असता, तर निवृत्तिवेतनाच्या 1982च्या नियमांप्रमाणे ती सगळी बुडाली असती. वीस वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळतं. पुण्याची नोकरी जमली नसती, तर दुसरी शोधता आली असती. बुडालेली सेवा मात्र परत जोडता आली नसती. रजा टाकून करून बघ, असं सुचवणारे विसरतात की रजेवर असतानाही परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही.

एका रविवारी मी नवऱ्याला आणि ताईला प्री-मॉर्टेमला बसवलं. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाचा त्यावरचा लेख 2007चा आहे. वर्ष उलटलंय, निर्णय पार फसलाय, असं धरायचं आणि का फसला ते प्रत्येकाने आपापलं लिहायचं. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. "फसेल का?" विचारलं की माणसं मन राखतात. "फसलाच आहे" म्हटलं की खरं लिहितात.

मी लिहिलं, कंपनीची बिलं अडकली, पगार थकला. ताईने लिहिलं, सतत दौरे, आईकडे बघायला कुणी नाही. नवऱ्याने लिहिलं होतं: "हिची नोकरी गेलीय आणि मी रोज म्हणतोय, सांगितलं नव्हतं का?"

तोवर तो मला "तुला हवं ते कर" एवढंच म्हणत आला होता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुझा उत्साह बघून तोंडावर कसं बोलणार होतो?" मग दोघांनी कागदावर लिहून ठेवलं: जाण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढायचा. पगार सलग दोन महिने थकला, तर दुसरीकडे अर्ज सुरू करायचे. आणि "सांगितलं होतं" हे वाक्य घरात बोलायचं नाही.

ते पैसे साठायला वेळ हवाच होता, सेवेलाही दोन वर्षं कमी होती. थांबले.

चूक कुठे झाली तेही सांगते. आम्ही फक्त जाण्याचं प्री-मॉर्टेम केलं. "थांबले आणि तेच फसलं", असं धरून कुणीच लिहिलं नाही. चार महिन्यांत पुण्याची जागा भरली. धरणांच्या सांडव्यांच्या संकल्पनाचं, म्हणजे डिझाइनचं, काम होतं ते, मला मनापासून हवं होतं. थांबण्यानेही काही कायमचं जातं, हे मी मोजलंच नव्हतं. 2017मध्ये बाहेर पडले ती खालच्या पदावर, देखभाल-दुरुस्तीच्या कामाला.

निवृत्तिवेतन दर महिन्याला जमा होतं, आईच्या औषधांना पुरतं. तरी राजीनामा टाइप करून बसलेली तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.