कुणाशी बोललात, त्याची यादी

"भाऊ, व्हॉट्सअ‍ॅप आपलं सगळं बघतंय म्हणतात. सोडायचं म्हटलं तर कुठलं अ‍ॅप घ्यावं? आणि ते तरी काय बघत नाही कशावरून?"

सोलापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बदलायला आलेला माणूस काउंटरला टेकून हमखास याच विषयावर येतो. तिथे दोन वाक्यांत सांगून भागवतो, पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा बसून सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही लिहिलेला मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही, खुद्द कंपनीसुद्धा नाही. 2016 पासून तिथे सगळ्या गप्पा एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहेत, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नल नावाच्या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपवाल्यांचीच आहे. म्हणजे कुलूप दोन्हीकडे एकाच कारागिराचं. फरक मजकुराच्या बाहेर जे उरतं त्यात आहे. कुणी कुणाशी, कधी आणि किती वेळा बोललं, कुठल्या फोनवरून, कुठल्या आयपी पत्त्यावरून, कुठल्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, ही सगळी माहिती मेटाडेटा. परवानगी दिलीत तर तुमच्या फोनबुकमधले नंबरही जातात, आणि यातली काही माहिती व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा, तिच्या इतर कंपन्यांना दिली जाते. हे त्यांच्याच धोरणात लिहिलेलं आहे, फक्त ते कुणी वाचत नाही.

"मग असू दे की, माझ्या यादीत काय एवढं?" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी एका ताईंची गोष्ट सांगतो. ताई समुपदेशक आहेत, नाव सांगत नाही. नवरा-बायकोची भांडणं, दारू, नैराश्य अशा गोष्टी घेऊन लोक त्यांच्याकडे येतात. एखादी बाई रात्री अकराला त्यांना चार मेसेज करते, पाठोपाठ वकिलाला फोन करते आणि मग माहेरी. यातला एक शब्दही न वाचता गोष्ट कळते की नाही? ताईंना भीती शब्दांची नव्हतीच, यादीची होती.

त्यांना मी सिग्नल घालून दिलं. सिग्नलच का, तर त्यांच्या बाबतीत नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. 2016 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने त्यांच्याकडे वापरकर्त्याची माहिती मागितली होती. द्यायला त्यांच्याकडे दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्शन कधी झालं. संपर्कांची यादी नाही, ग्रुप नाहीत, कुणाशी बोललं तेही नाही. मुळात साठवलंच नव्हतं. शिवाय ही संस्था ना-नफा फाउंडेशन आहे, जाहिराती विकत नाही. तिला 2018 मध्ये सुरुवातीचे 5 कोटी डॉलर देणारा ब्रायन अ‍ॅक्टन हा व्हॉट्सअ‍ॅपच्याच संस्थापकांपैकी एक.

पण अ‍ॅप घातलं म्हणजे झालं, असं नाही. खातं उघडायला सिग्नललाही मोबाइल नंबर लागतो. आणि मूळ सेटिंग तशीच ठेवली, तर ज्यांच्या फोनबुकात तुमचा नंबर आहे आणि जे स्वतः सिग्नलवर आहेत, त्यांच्या फोनवर 'अमुक सिग्नलवर आले' अशी सूचना वाजू शकते. ताईंकडे येणाऱ्या बाईच्या दिराच्या फोनवर ती वाजली तर? म्हणून खातं उघडतानाच थांबायचं. प्रोफाइलचं नाव विचारतात त्याच पानावर नंबरावरून कोण शोधू शकेल हे ठरवता येतं, तिथे Nobody निवडायचं. पुढे कधी बदलायचं झालं तर Settings → Privacy → Phone Number मध्ये जायचं. तिथे Who can see my number आणि Who can find me by number असे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला आपोआप Nobody असतं, दुसऱ्याला नसतं, आणि लोक चुकतात ते दुसऱ्यात.

मग लोकांनी गाठायचं कसं? 2024 पासून सिग्नलमध्ये युजरनेम आहे. नावामागे टिंब आणि किमान दोन अंक, उदाहरणार्थ `shabd.47`. त्याची डिरेक्टरी कुठे नाही, अर्धवट टाइप करून सापडत नाही, पूर्ण आणि अचूकच टाकावं लागतं. ताई आता येणाऱ्याला आपल्या युजरनेमचा क्यूआर कोड दाखवतात. घरच्यांकडे असलेला त्यांचा नंबर त्या माणसाला कळतच नाही. संपर्कांची परवानगीही आम्ही नाकारली, अ‍ॅप तरीही नीट चालतं.

नोटिफिकेशनचं मात्र बहुतेक जण विसरतात. एवढं सगळं करून लॉक स्क्रीनवर मेसेज अख्खा दिसत असेल तर काय उपयोग? सेटिंगमध्ये No name or message निवडा. आणि Linked devices उघडून बघा. माझ्या दुकानात आजवर जेवढी पाळत उघडी पडली, ती बहुतेक तिथेच. घरातल्याच कुणीतरी दोन मिनिटं फोन हातात घेऊन आपल्या लॅपटॉपवर जोडणी करून ठेवलेली. एन्क्रिप्शन तिथे काहीच करू शकत नाही, कारण तो लॅपटॉपही अ‍ॅपच्या दृष्टीने तुमचाच. व्हॉट्सअ‍ॅपवरही हीच तपासणी करा.

"मी टेलिग्रामवर आहे, ते सेफ आहे," असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना माझा नेहमीचा त्रास. टेलिग्रामची साधी चॅट एन्ड-टू-एन्ड नसतेच, ती त्यांच्या सर्व्हरवर असते. सीक्रेट चॅट वेगळी उघडावी लागते, ती दोघांतच होते, ग्रुपला ती सोयच नाही. चॅनलवर बातम्या वाचायला टेलिग्राम छान आहे, ताईंच्या कामाला नाही.

नंबरच नको असेल तर थ्रीमा आहे, स्वित्झर्लंडचं, पैसे देऊन घ्यायचं. इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून चालणारं ब्रायर आहे. पण मे 2023 मध्ये केंद्र सरकारने 14 मेसेंजर अ‍ॅप्स रोखली, त्यात ही दोन्ही होती आणि एलिमेंटसुद्धा. म्हणून मी गिऱ्हाइकाला ती सुचवत नाही. सेशन नावाचं अ‍ॅप मोबाइल नंबर मागत नाही, पण आपल्या ओळखीतलं तिथे कोणी सापडायचं नाही.

आता अडचणी. सिग्नल आपल्या सर्व्हरवर गप्पा ठेवत नाही, म्हणजे फोन हरवला की गप्पाही गेल्या. आता बॅकअपची सोय आली आहे, पण ती तुम्ही चालू करायची आणि मिळणारी 64 अक्षरांची की जपायची. ती हरवली तर सिग्नलवालेही काही करू शकत नाहीत. दुसरं, सिम. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊ शकते. त्याला तुमचे जुने मेसेज मिळत नाहीत, पण त्या नंबरावर तो खातं उघडू शकतो. म्हणून Settings → Account मध्ये Registration Lock चालू ठेवा, म्हणजे पिनशिवाय नंबर कुणाला नोंदवता येत नाही. फोन सात दिवस सिग्नलशी जोडलाच गेला नाही, तर मात्र हे कुलूप आपोआप सुटतं. ओळखीच्या माणसाच्या चॅटमध्ये सेफ्टी नंबर बदलल्याची ओळ दिसली, तर त्याने फोन बदलला असेल किंवा नंबर दुसऱ्याकडे गेला असेल. कामाचं बोलण्याआधी साधा फोन करून विचारा.

आणि घरचा ग्रुप? काका, मामा, लग्नाचे फोटो, सोसायटीच्या पाण्याची वेळ, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू द्या, ते हलणार नाही. तिथे फक्त बॅकअपकडे बघा. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपण होऊन एन्ड-टू-एन्ड नसतो, 2021 पासून Chat backup मध्ये त्याचं वेगळं बटण आहे. ताईंनी तेवढंच केलं. त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप अजून आहे, भाचीच्या बारशाचे फोटो तिथेच आले. सिग्नलवर फक्त त्यांच्याकडे येणारी माणसं आहेत, आणि तिथले मेसेज आठवड्याने आपोआप पुसले जातात.