सहा गुण कापायचे की दोन?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागलं, की आमच्या महाविद्यालयात मुदतवाढीचे मेसेज सुरू होतात. बहुतेक विनंत्या खऱ्याच असतात. त्या पावसाळ्यात प्रयाग चिखलीच्या बाजूच्या एका मुलीची तक्रार समितीपुढे आली. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, उन्हाळी प्रकल्पाचा अहवाल ५० गुणांचा. मुदत सोमवारची, अहवाल पोहोचला गुरुवारी संध्याकाळी. उशिराच्या प्रत्येक दिवसाला दोन गुण कापायचे, असा विभागाचा नियम. सरांनी सहा कापले होते. मुलीचं म्हणणं, सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती, एकही गुण कापायला नको.

तिनं पुरावा म्हणून एक स्क्रीनशॉट दिला होता. त्यात तिचा मेसेज, ‘आम्ही सगळे सुखरूप आहोत, शाळेत राहायची सोय झालीय. शुक्रवारी अहवाल देते सर,’ आणि खाली सरांचा अंगठा. एवढ्यावर निकाल द्यायला एक सदस्य तयार होते. मी थांबवलं. मुदतवाढीचा एकच तुकडा वाचून काही ठरवता येत नाही. मागणी, उत्तर आणि त्यानंतरचं बोलणं सलग वाचावं लागतं. सरांनी चॅटची फाईल आणली होती, पण तिच्यात अंगठा दिसतच नव्हता. म्हणून दोघांचेही फोन टेबलावर ठेवून घेतले आणि रविवारपासून वाचायला सुरुवात केली.

रविवारी रात्री मुलीनं लिहिलं होतं, ‘गावात पाणी शिरतंय, अहवाल शुक्रवारी दिला तर चालेल का?’ सरांचं उत्तर: ‘ठीक आहे. झालेली प्रकरणं उद्या मेल कर. उरलेलं बुधवारी पाचपर्यंत. तलाठ्याचा दाखला लागेल, पाणी ओसरल्यावर दिलास तरी चालेल. तोंडी परीक्षेची तारीख तीच राहील.’

मुलीनं ‘ठीक आहे’ धरलं होतं आणि पुढचं सोडलं होतं. पण वाक्य तिथं संपत नव्हतं. मागितला शुक्रवार, मिळाला बुधवार, तोही फक्त लेखी भागाला. झालेली प्रकरणं सोमवारी पाठवायची, ही मुदतवाढीआधी पाळायची अट. ती तिनं पाळली होती, दोन प्रकरणं सोमवारी दुपारी सरांच्या मेलवर गेलेली दिसली. दाखल्याला मात्र सरांनी स्वतःच तारीख घातली नव्हती. त्यामुळे ‘दाखला नाही म्हणून मुदतवाढच रद्द’ हा त्यांचा दावा टिकत नव्हता. पूर ओसरायच्या आत तलाठ्याकडून कागद आणणार तरी कशी ती?

आता उरला तो अंगठा. मंगळवारचा. तिच्या एकाच मेसेजमध्ये दोन गोष्टी होत्या, खुशाली आणि शुक्रवार. सर म्हणाले, ‘मॅडम, पोरं सुखरूप आहेत हे वाचून मी अंगठा दिला.’ मला ते पटलं, पण सरांच्या मनात काय होतं यावर गुण ठरवणं मला योग्य वाटेना. मुलीचा ‘शुक्रवार’ प्रामाणिक गैरसमज असू शकत होता. संशयाचा फायदा तिलाच द्यावा, असं मलाही क्षणभर वाटलं.

मग बुधवारचा मेसेज वाचला. दुपारी पावणेचारला तिनं लिहिलं होतं, ‘सर, इथं नेट नाही. आज पाचपर्यंत जमेल असं वाटत नाही.’ म्हणजे मुदत बुधवारी पाचची आहे, हे तिला ठाऊक होतं. त्या मेसेजला सरांचं उत्तर नव्हतं. उत्तर न येणं म्हणजे परवानगी नव्हे, आणि नकारही नव्हे. आधी ठरलेलं तसंच राहतं.

मी तिला विचारलं, ‘बाळ, हा मेसेज पाठवताना शुक्रवारचं काय डोक्यात होतं?’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, सर काहीच बोलले नाहीत, म्हणून मग अंगठाच धरून चालले.’ तिनं खरं सांगितलं.

पण सरांचा हिशेबही चुकला होता. त्यांनी उशीर मूळच्या सोमवारपासून मोजला होता: मंगळवार, बुधवार, गुरुवार, म्हणून सहा गुण. मुदत बुधवारपर्यंत वाढवून दिली आणि अट पाळली गेली, तर उशिराची मोजणी बुधवारनंतरच सुरू होते. गुरुवारचा एक दिवस, दोन गुण. सरांनी नोंद पुन्हा वाचली आणि लगेच मान्य केलं.

चार गुण परत देण्याचा ठराव त्याच बैठकीत लिहिला. त्यात कोणत्या कामाला, कोणत्या वारापर्यंत, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अटीवर मुदत मिळाली, हे सरांच्याच शब्दांत उतरवलं. बुधवारच्या अनुत्तरित मेसेजचीही नोंद घेतली. तलाठ्याचा दाखला तिनं पुढच्या आठवड्यात आणून दिला, तो फाईलला लावला.